तीन ‘नि’ आणि एक वाक्य: व्यवस्थापनाची पाच कार्यं लक्षात ठेवण्याच्या युक्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा अभ्यासगट आठ जणांचा होता. व्यवस्थापनाची तत्त्वं हा विषय सगळ्यांना सारखाच होता, पण तयारी सारखी नव्हती. दोघं नोकरी सांभाळून शिकत होते, तिघं नियमित विद्यार्थी होते आणि उरलेले आमच्यासारखे, पुस्तक विकत घेऊन ते उघडायचं राहून गेलेले. सराव परीक्षा काढणं आणि तपासणं माझ्याकडे होतं, म्हणून हे सगळं जवळून पाहायला मिळालं. माणसांची ओळख इथे काढून टाकली आहे, प्रकरण मात्र घडलं तसंच लिहितो.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. व्यवस्थापनाची पाच कार्यं, म्हणजे नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन आणि नियंत्रण, या एका प्रकरणावर हमखास प्रश्न येतो हे सगळ्यांना माहीत होतं. आणि नेमकं तेच कोणाच्या डोक्यात टिकत नव्हतं. पाचातलं एक नाव निसटायचंच, ते कोणतं हे मात्र रोज बदलायचं.

एका रात्री गटातल्या एका ताईंनी संदेश टाकला. जसाच्या तसा देतो:

“मंडळी, फेयॉलची पाच कार्यं आता जन्मात विसरायची नाहीत! ‘निशा संध्याकाळी कधीच निवांत निजत नाही.’ नि, सं, क, नि, नि. शेवटचा ‘नाही’ मोजायचा नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी पी-ओ-एस-डी-सी म्हणा. कोणी जास्त शहाणा ‘पोस्डकॉर्ब’ म्हणेल, ते हेच, फक्त लांबवलेलं.”

पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. एकाने लिहिलं, “ताई, हे आधी का नाही सांगितलंत?” मीही अंगठा दिला. वाक्य खरोखर जमलेलं होतं, आजही मला ते झोपेतून उठवून विचारलं तर येतं.

अडचण

तीन दिवसांनी मी सराव परीक्षा घेतली. पहिला भाग सरळ होता: पाच कार्यं क्रमाने लिहा. दुसरा भाग एका उताऱ्याचा, त्यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या कार्यात मोडतं ते ओळखायचं.

पहिल्या भागात आठपैकी सहा जणांनी बिनचूक लिहिलं. एकाने निर्देशन आणि नियंत्रण यांची अदलाबदल केली. आणि एकाने शेवटच्या जागी ‘नियमन’ लिहिलं. हे ‘नियमन’ मला फार बोलकं वाटलं. त्या मुलाला वाक्य पक्कं आठवत होतं, शेवटी ‘नि’ येतो हेही आठवत होतं, पण त्या ‘नि’मागे कोणता शब्द आहे ते सुटलं होतं. मग हाताला लागला तो ‘नि’चा शब्द त्याने बसवून दिला.

खरी पडझड दुसऱ्या भागात झाली. उतारा असा होता:

(१) एका छापखान्याला महिन्यात १०,००० वह्या तयार करायच्या होत्या, म्हणून व्यवस्थापकाने आठवड्याला २,५०० वह्यांचं उद्दिष्ट धरलं आणि कागद कधी मागवायचा ते ठरवलं. (२) छपाई, बांधणी आणि पॅकिंग असे तीन विभाग पाडले आणि कोणत्या विभागप्रमुखाने कोणाला उत्तर द्यायचं हे निश्चित केलं. (३) बांधणी विभागातल्या दोन रिकाम्या जागांसाठी अर्ज मागवून दोन कामगार निवडले. (४) पहिल्या आठवड्याअखेर मोजल्यावर २,२०० वह्याच निघाल्या होत्या, ३०० कमी पडल्या होत्या आणि शोध घेतल्यावर कळलं की नव्या कामगारांना शिलाई यंत्राचा दोरा बदलायला वेळ लागतो. (५) पर्यवेक्षकाने त्यांच्याजवळ उभं राहून दोरा कसा ओवायचा ते दाखवलं आणि ‘पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच वेळ लागतो’ म्हणून धीर दिला.

पाच जणांनी चौथ्या वाक्यासमोर निर्देशन आणि पाचव्यासमोर नियंत्रण लिहिलं. बरोबर उत्तर नेमकं उलटं आहे. ठरवलेल्या आकड्याशी प्रत्यक्ष आकडा ताडून पाहणं, फरक काढणं आणि त्याचं कारण शोधणं हे नियंत्रण. माणसाशी बोलणं, करून दाखवणं आणि उमेद देणं हे निर्देशन. सगळं बरोबर आलं ते फक्त दोघांचं. उरलेल्या एकाची दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात गल्लत झाली होती, त्याच्याकडे पुढे येतो.

पाच जणांची चूक एकसारखी निघाली की प्रश्नपत्रिकेत काहीतरी आहे अशी शंका येते. होतंच. उतारा लिहिताना मी चौथं आणि पाचवं मुद्दाम उलटं टाकलं होतं. पहिली तीन वाक्यं युक्तीच्या क्रमाने आली, त्यामुळे या पाच जणांनी पुढची दोन वाचलीच नाहीत, नुसता क्रम पुढे चालवला. एकाने तर प्रांजळपणे सांगितलं, “दादा, तिसरं ‘क’ आलं ना, मग चौथं ‘नि’ आणि पाचवं ‘नि’. विचार काय करायचा?”

म्हणजे युक्ती निकामी नव्हती. ती दिलेलं काम चोख करत होती. पाच नावं आणि त्यांचा क्रम डोक्यात ठेवायचा, एवढंच ते काम. प्रश्न मात्र क्रमाचा नव्हताच, आणि जिथे क्रमाचा काही संबंध नाही तिथे तोच क्रम उत्तराची चावी म्हणून वापरला जात होता.

दुसरी गोम मराठीची. इंग्रजीत पाचही नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी आहेत. आपल्याकडे पाचातली तीन ‘नि’ने सुरू होतात. एका खुंटीवर तीन सदरे टांगले की हात घातल्यावर कोणता निघेल सांगता येत नाही, तसं झालं होतं. हिंदीवरून आलेल्या काही टिपणांत कर्मचारी व्यवस्थापनाला ‘नियुक्तीकरण’ म्हणतात. ती टिपणं वापरली असती तर ‘नि’ चार झाले असते, आणि ‘निशा’चं वाक्य जन्मालाही आलं नसतं.

समोरचे पर्याय

परीक्षेला सात दिवस होते. मी आणि गटातल्या दोघांनी तासभर फोनवर चर्चा केली.

काही न करणं हा एक मार्ग होता. पहिल्या भागाचे गुण येत होते, आणि ओळखण्याचा प्रश्न कदाचित आलाही नसता. मला हे पटत नव्हतं, पण मोडून काढणंही सोपं नव्हतं. ऐन परीक्षेच्या तोंडावर पाठ झालेली गोष्ट हलवली की असलेलंही जातं, ही भीती रास्त आहे.

‘निशा’ सोडून इंग्रजी अक्षरं घ्यावीत, हा दुसरा मार्ग. नोकरी करणाऱ्या दादांचा याकडे कल होता. अक्षरं वेगवेगळी, म्हणून गोंधळ नाही. पण उत्तर मराठीत लिहायचं असेल तर प्रत्येक अक्षराचं आधी इंग्रजी नाव, मग त्याचं मराठी, अशी दोन पायऱ्यांची चढण होते. शिवाय शेवटचा ‘सी’ घात करतो. नियंत्रण आणि समन्वय या दोन्हींची इंग्रजी नावं ‘सी’नेच सुरू होतात, आणि समन्वय तर प्रकरणात जागोजागी डोकावत असतो.

यावरूनच संदेशातल्या त्या ‘पोस्डकॉर्ब’चा विषय निघाला आणि माझ्या लक्षात आलं की संदेशात दोन तथ्यंच चुकलेली आहेत. ‘पोस्डकॉर्ब’ हे पाच कार्यांचं लांबवलेलं रूप नाही. लूथर गुलिक यांनी १९३७ मध्ये मांडलेली ती सात कामांची यादी आहे. त्यातले ‘सी’ आणि ‘ओ’ ही दोन्ही अक्षरं मिळून समन्वय होतो, पुढचा ‘आर’ म्हणजे अहवाल देणं आणि ‘बी’ म्हणजे अंदाजपत्रक. नियंत्रण हे नाव त्या यादीत नाहीच. पोस्डकॉर्बमधून पाच कार्यं काढायला गेलेला विद्यार्थी पाचव्या जागी समन्वय लिहून मोकळा होतो.

आणि “फेयॉलची पाच कार्यं” हेही बरोबर नाही. फेयॉल यांनी १९१६ मध्ये पाचच घटक सांगितले हे खरं, पण ते नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण असे आहेत. त्यात कर्मचारी व्यवस्थापन नाही. आपण पाठ करतो ती नियोजन ते नियंत्रण अशी पाचांची मांडणी रूढ झाली ती कुंट्झ आणि ओ’डॉनेल यांच्या १९५५ च्या पाठ्यपुस्तकामुळे. पाचाचा आकडा जुळतो, म्हणून नाव फेयॉलचं चिकटतं.

तिसरा मार्ग असा की पहिलं अक्षर सोडून शब्दाचा मोठा तुकडा धरायचा: नियो, संघ, कर्म, निर्दे, नियं. हा मी कागदावर लिहून पाहिला आणि हसू आलं. ‘नियो’ आणि ‘नियं’ घाईत वाचले तर एकच.

चौथा मार्ग त्याच कागदावर सापडला. तीन ‘नि’ खोडून टाकले की खाली काय उरतं ते पाहू, म्हणून खोडले. ‘नियोजन’मध्ये योजणं उरलं. ‘निर्देशन’मध्ये दिशा दाखवण्याचा तोच धातू, ज्यावरून आपण ‘अंगुलिनिर्देश’ म्हणतो. ‘नियंत्रण’मध्ये यंत्र, म्हणजे आवरून, बांधून ठेवणं. फरक ज्याच्यावर आहे तो भाग पुढे होता, आणि युक्तीने नेमका तो कापून सगळ्यांत सारखा असलेला भाग हातात ठेवला होता.

काय केलं

‘निशा’चं वाक्य आम्ही काढलं नाही. ते सगळ्यांना आवडत होतं आणि क्रमासाठी पुरेसं होतं. त्याच्यासोबत दुसरी ओळ जोडली: योजा, जोडा, माणसं आणा, दाखवा, आवरा. आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न. योजणं म्हणजे “काय, कधी, किती?” जोडणं म्हणजे “कोणतं काम कुठे, आणि कोण कोणाला उत्तर देणार?” माणसं आणणं म्हणजे “त्या जागेवर बसणार कोण?” दाखवणं म्हणजे “बसलेल्या माणसाकडून काम कसं होईल?” आवरणं म्हणजे “ठरलं होतं तेवढं झालं का?”

ही ओळ पाठवण्याआधी ताईंशी बोलायला हवं होतं, आणि तेवढं मात्र मी नीट केलं. त्यांना वेगळा फोन केला. फेयॉलचा मुद्दा सांगितला तेव्हा त्या थोड्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “अरे, मी ते कुठूनतरी उचललं होतं. तू दुरुस्ती टाकू नकोस, मीच टाकते.” त्यांनी स्वतः टाकल्यामुळे कोणी वाद घातला नाही. मी टाकली असती तर अर्धा तास “पण पुस्तकात असंच आहे” चाललं असतं.

मग छापखान्याच्या उताऱ्यावर एक संध्याकाळ घालवली. चौथं वाक्य सहज सुटलं: ठरलेले २,५००, झालेले २,२००, फरक ३००, कारण दोरा. मानक, मोजमाप, तुलना, कारण, ही नियंत्रणाची साखळी एका वाक्यात दिसते. अडलं ते पाचव्यापाशी. एकीचा प्रश्न रास्त होता: “कारण सापडल्यावर दुरुस्ती करणं ही नियंत्रणाचीच शेवटची पायरी ना? मग दोरा ओवायला शिकवणं नियंत्रण का नाही?”

यावर आम्ही बराच वेळ अडून राहिलो. शेवटी असं धरलं: “यावर उपाय करायचा” हा निर्णय नियंत्रणात येतो. उपाय करताना पर्यवेक्षक माणसाजवळ जाऊन जे सांगतो, दाखवतो, धीर देतो, ते निर्देशनात येतं, कारण देखरेख, प्रेरणा आणि संवाद हे त्याचेच भाग आहेत. त्या कामगारांना आठवडाभराच्या रीतसर प्रशिक्षणाला पाठवलं असतं तर ते कर्मचारी व्यवस्थापनात गेलं असतं. एकच तूट, पण तिच्यामागे तीन कार्यांना काम लागतं. प्रश्नपत्रिकेत वाक्यातलं क्रियापद पाहायचं, एवढी खूण आम्ही ठेवली: ताडून पाहिलं की आवरणं, करून दाखवलं की दाखवणं, निवडलं किंवा प्रशिक्षणाला पाठवलं की माणसं आणणं.

निकाल

परीक्षेच्या दोन दिवस आधी दुसरी सराव परीक्षा घेतली. या वेळी उतारा वाचनालयाचा होता आणि सुरुवातच नियंत्रणापासून केली होती. हरवलेल्या पुस्तकांचा आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला असं मोजणीत आढळलं. म्हणून पुढच्या तिमाहीत मोजणी दर पंधरवड्याला करायचं ठरलं. मोजणीसाठी नवं पद निर्माण करून ते ग्रंथपालाच्या हाताखाली ठेवलं. त्या पदावर आधीच कामावर असलेल्या एका सहायकाला निवडलं. ग्रंथपालाने पहिल्या मोजणीला त्याच्याबरोबर फिरून नोंदी कशा करायच्या ते दाखवलं.

आठपैकी सहा जणांचं सगळं बरोबर आलं. निर्देशन-नियंत्रणाची अदलाबदल एकानेही केली नाही. उरलेल्या दोघांची चूक एकच होती: “नवं पद निर्माण केलं” यासमोर त्यांनी कर्मचारी व्यवस्थापन लिहिलं. त्यातला एक तोच, ज्याची पहिल्या खेपेला दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात गल्लत झाली होती.

हे आमच्या दुरुस्तीतून सुटलेलं होतं. तीन ‘नि’ इतके डोळ्यात भरले की ‘सं’ आणि ‘क’ यांच्यातली सीमा कोणी पाहिलीच नाही. अक्षरं वेगळी आहेत म्हणून ते सुरक्षित धरलं. त्या दोघांना मी कागदावर चार चौकटींचा तक्ता काढून दिला. ग्रंथपाल वर, खाली तीन चौकटी, त्यातली एक रिकामी. विचारलं, “ही रिकामी चौकट आत्ता या तक्त्यात आहे की नाही?” आहे. “तिच्यात कोणी बसलंय?” नाही. चौकट काढणं आणि ती कोणाच्या हाताखाली ते ठरवणं हे संघटन, तिच्यात नाव लिहिणं हे कर्मचारी व्यवस्थापन. पद माणसाच्या आधी येतं आणि माणूस गेल्यावरही राहतं. दोघांना ते तिथेच पटलं.

मुख्य परीक्षेत उतारा आला नाही. आला तो प्रश्न असा: नियंत्रण हे व्यवस्थापनाचं शेवटचं कार्य आहे, हे विधान तपासा. वाचनालयाच्या उताऱ्यात मोजणीतून पुढच्या तिमाहीचं नियोजन निघालं होतं, ते चौघांनी उदाहरण म्हणून वापरलं: नियंत्रणात सापडलेली तफावत पुढच्या नियोजनाला कच्चा माल पुरवते, त्यामुळे ते शेवट नसून वळण आहे. एकाने मात्र ठामपणे “होय, ते पाचवं आणि शेवटचं” लिहिलं. विचारल्यावर म्हणाला, “दादा, निजल्यावर पुढे काय असणार?”

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, संदेशाला अंगठा देण्याच्या जागी मी त्याच रात्री एक उतारा टाकला असता. तीन दिवस वाया गेले, कारण युक्ती आवडली म्हणजे ती चालते असं मी गृहीत धरलं. मराठीत पहिल्या अक्षरांची युक्ती कोणीही पाठवली की आधी पाच शब्द एकाखाली एक लिहून पाहायचे. एक अक्षर दोनदा आलं तर तिथे गडबड होणार हे कागदच सांगतो, त्यासाठी परीक्षा घ्यावी लागत नाही.

तथ्य आणि युक्ती वेगळी पाहायची, हे दुसरं. संदेशात वाक्य इतकं गोड होतं की त्याच्या आधीचं “फेयॉलची” आणि नंतरचं “हेच, फक्त लांबवलेलं” आमच्यापैकी कोणीच वाचलं नाही. मुलांनी ते वाक्यासोबत फुकटात पाठ केलं. तिघांच्या वह्यांत अजूनही ‘फेयॉलची पाच कार्यं’ असा मथळा आहे, दुरुस्ती टाकून झाल्यावरही.

पहिला उतारा मी उलटा लावला ते चांगलं केलं की वाईट, यावर माझं अजून एकमत नाही. उलटा लावला नसता तर पाचही जणांचं “बरोबर” आलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं. पण त्यातल्या एका मुलीचा आत्मविश्वास त्या दिवशी बसला, तो दुसऱ्या परीक्षेपर्यंत उठला नाही. तिला उत्तरपत्रिका देण्याआधी एवढं सांगता आलं असतं की वाक्यांचा क्रम मी बदललाय.

आणि कर्मचारी व्यवस्थापन. पुढच्या गटाला मी रिकाम्या चौकटीचा तक्ता पहिल्याच दिवशी काढून दाखवणार आहे, ‘निशा’च्याही आधी.